ठेक्यात न बसणारे दिवे

आमच्या दादाचे हात कधी गप्प बसत नाहीत. जेवताना ताटावर, गाडी चालवताना स्टिअरिंगवर, डॉक्टरांकडे नंबर लावून बसला तर शेजारच्याच्या खुर्चीवर, ठेका चालूच. शेजारचा उठून जातो, दादा म्हणतो, "बघ, जागा झाली." पोटापाण्यासाठी ड्रम वाजवणारा माणूस, त्याला काय बोलणार? आणि मी त्याची धाकटी बहीण, त्याच बँडची गायिका. घरात मला चिमणी म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याने माझा आवाज ऐकला नव्हता.

तर त्या दिवशी सकाळी दादा आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि संध्याकाळी आमचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. त्यात आमचं कडाक्याचं भांडण झालेलं. मी दादाला तोंडावर सांगितलं होतं, "आज चुकलास ना, तर उद्यापासून ड्रमवर दुसरा माणूस बसेल. सख्खा भाऊ असशील, तुझ्या घरी."

चूक कसली, तर इशाऱ्याची. आमचं शेवटचं गाणं मी एका लांब सुरावर नेते. तो सूर किती लांबवायचा हे त्या दिवशीच्या माझ्या दमावर आणि समोरच्या लोकांवर ठरतं. मनासारखं झालं की मी डावा हात वर उचलते, मूठ मिटते, आणि त्या मुठीसरशी ड्रमचा एकच दणका, की संपलं. लोक उठून उभे राहतात. वीस वर्षं हे असंच चाललं होतं, घड्याळ चुकेल पण दादा नाही. आणि गेलं वर्षभर? मी मूठ मिटते, आणि मागे दादासाहेब आपले वाजवताहेत! कधी उशिरा दणका, कधी दणकाच नाही. मी हात वर धरून उभी, दुकानाच्या दारातल्या पुतळ्यासारखी. विचारलं तर म्हणायचा, "तू हात केलाच नाहीस."

"केला नाही? अरे, शेवटच्या रांगेतल्या आजीला दिसला!"

"मग आजीला बसव ड्रमवर."

आता सांगा, संताप येईल की नाही? मला वाटलं, याच्या डोक्यात हवा गेली. बहिणीच्या इशाऱ्यावर वाजवायचं कमीपणाचं वाटायला लागलंय. ही गोष्ट मला मनापासून लागली होती. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

दवाखान्याचं खरं तर माझ्यापासून सुरू झालं. गाण्याचे कागद लांब धरून वाचायला लागले, हात पुरेना, म्हणून चष्म्याला गेले. डॉक्टरबाईंनी चष्म्याचा नंबर काढला, मग डोळ्यात बधिर करणारा थेंब घातला, निळा दिवा जवळ आणला आणि दाब मोजला. म्हणाल्या, "अठ्ठावीस. जास्त आहे." मी म्हटलं, "माझं ब्लडप्रेशर तर उत्तम असतं." त्या हसल्या. "हे डोळ्याच्या आतलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निघून जातं. निचरा मंदावला की दाब चढतो आणि मागची नस हळूहळू मरायला लागते. त्याला काचबिंदू म्हणतात. तुमची नस अजून चांगली आहे, वेळेत आलात. घरात कुणाला होता?"

"छे! कुणालाच नाही," मी ठणकावून सांगितलं.

"वडिलांची नजर कशी होती?"

"अप्पांची? म्हातारपणी गेली. म्हणजे वयच झालं होतं."

"पूर्ण गेली?"

"समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. नंतर तेही नाही. आणि सारखे धडकायचे. कपाटाचं उघडं दार, खिडकीचं झडप, सगळं कपाळावर. पण त्याचं कारण वेगळं. आमच्याकडे सगळे ताडमाड उंच. कपाळावर टेंगूळ ही आमची घराण्याची खूण आहे. दादाच्याही कपाळावर कायम असतं."

बाईंचं पेन थांबलं. "दादा म्हणजे सख्खा भाऊ?"

"सख्खा."

"त्यांना घेऊन या. लवकर."

मी तरी हसतच होते. म्हटलं, त्याला काही होत नाही हो, त्याची नजर घारीसारखी आहे. बाई म्हणाल्या, "समोरची असेल. काचबिंदू कडेनं खातो. दुखत नाही, लाल होत नाही. आणि आईवडील, भाऊबहीण यांच्यात एकाला असला की बाकीच्यांना असण्याची शक्यता कितीतरी वाढते. तुमच्याकडे तर वडिलांचा असावा असं वाटतंय, आणि तुमचा दाब हा असा." तेव्हा मात्र माझं हसू आटलं. अप्पा दाराची चौकट चाचपत चालायचे ते आठवलं, आणि आम्ही सगळे म्हणायचो, "वाका अप्पा, वाका!"

दादाला आणणं म्हणजे बैलाला जिना चढवणं. वहिनीने हात जोडले, मी शिव्या घातल्या, शेवटी आईने फोनवर रडून दाखवलं तेव्हा आला. दाब मोजला तर सतरा. दादा खुर्चीतच नाचला. "सतरा! चिमणे, तुझा अठ्ठावीस, माझा सतरा! ऐकलंस का, पास!"

बाईंनी त्याला शांतपणे खाली बसवलं. बुबुळाच्या पडद्याची जाडी मोजली. तो पातळ निघाला. पातळ पडदा असला की यंत्र दाब कमी दाखवतं म्हणे. शिवाय दाब दिवसभर वरखाली होत असतो, आणि काहींची नस साध्या दाबातही मरते. एकदा आकडा बरा आला म्हणजे सुटका झाली असं नाही. मग बाहुली मोठी करून त्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "नस मला आवडलेली नाही. मधला खळगा मोठा आहे. नजरेच्या कडेची तपासणी करू, मगच ठरेल."

म्हणून त्या सकाळी आम्ही तिथे होतो. दादाने अट घातली होती, "हा शेवटचा फेरा. आज रिपोर्ट चांगला आला की मी या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि तू मला पुन्हा आंधळा म्हणायचं नाहीस."

"मी आंधळा कधी म्हटलं? मी बहिरा म्हटलं होतं."

खोली लहान, अंधारी. एक पांढरा अर्धगोल, आतून गुळगुळीत, मोठ्या वाडग्यासारखा. त्यात हनुवटी टेकायची, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावर बसणाऱ्या ताईंनी दोनदा समजावलं. "नजर हलवायची नाही. दिवा दिसला तरच दाबायचं. कितीतरी दिवे मुद्दाम इतके मंद असतात की कुणालाच दिसत नाहीत. तेव्हा नाही दिसला तर घाबरायचं नाही."

"मी आणि घाबरणार?" दादा म्हणाला. ताईंनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं, तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. माझ्यासाठी ही मोठीच शिक्षा.

सुरू झालं. टिक. टिक. टिक-टिक. टिक. बटणाचा आवाज बारीक, पण स्वच्छ. बाई गं, काय दाबत होता! एक नाही चुकत. मी मनात म्हटलं, मेला खरंच घारीच्या नजरेचा आहे, आता वर्षभर मिरवणार. दोन्ही डोळे झाले. दादा पट्टी काढून उठला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "सगळं दिसलं! एकूण एक दिवा दिसला!"

ताई कागदाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा काही खुलेना. "अहो, हा रिपोर्ट भरवशाचा नाही. यंत्र मधूनमधून दिवा न लावता नुसतं थांबतं, माणूस खरंच बघून दाबतोय का ते कळायला. तुम्ही तेव्हाही दाबलंय. पुष्कळ वेळा."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही, पण..."

"मग यंत्र बिघडलंय तुमचं!"

तो तावातावाने बोलत होता आणि मी स्टुलावर बसून बोटाने मांडीवर काहीतरी वाजवत होते. माझं मलाच कळलं नाही काय ते. टिक, टिक, टिक-टिक, टिक. मग एकदम डोक्यात वीज चमकली. अगं बाई! हा तर आमच्या दुसऱ्या गाण्याचा ठेका!

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स आत डोकावली. "ताई, हा दिवे बघत नाहीये! हा वाजवतोय!"

"काय?"

"ठेका! पहिले चार दिवे पाहिले असतील, त्यावरून लय पकडली आणि पुढे सगळं गाणं वाजवलं! दादा, खरं सांग. बघत होतास का मोजत होतास?"

दादाने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे. "अगं... मुद्दाम नाही. दिवे एका लयीत यायला लागले. मग हात आपोआप... मला वाटलं, आता येणारच दिवा, म्हणून..."

ताई आधी गोंधळल्या, मग हसू आवरेना त्यांना. मी मात्र हसले नाही. कारण मला दुसरी गोष्ट कळली होती. ठेका चालू होता म्हणून दिवे दिसले असं नाही. दिसले की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईंनी विश्रांती दिली, पाणी दिलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. दहाबारा दिवे झाले की अंगठा लयीत. ताई यंत्र थांबवायच्या, दादा कपाळाला हात लावायचा. "नाही जमत गं. रिकामी जागा सुटली की हात भरतोच ती. सगळा जन्म तेच केलंय." इथेच घोडं पेंड खात होतं. बाहेर रांग वाढत होती, कार्यक्रमाचं सामान अजून गाडीत भरायचं होतं, आणि दादा उठायच्या बेतात. "जाऊ दे. झालं तेवढं बास."

मी त्याच्यासमोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. "दादा, शेवटच्या गाण्यात मी सूर लांबवते, तेव्हा तू काय करतोस?"

"थांबून राहतो."

"मोजतोस का?"

"ते मोजता येतं होय? तू कधी सोडशील हे देवाला तरी माहीत आहे का?"

"मग तसंच इथे. ठेका नाही, मोजायचं नाही. तो दिवा म्हणजे मी. मी हात केला की वाजव. नाही केला तर गप्प."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी आत जाऊन बसलं असावं. "असं होय," म्हणाला, आणि हनुवटी टेकवली.

आणि दादाचे हात गप्प झाले! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. टिक. मग बराच वेळ काही नाही. टिक. टिक. मग शांतता. ताईंनी मला खुणेने आपल्या शेजारी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर नजरेचा नकाशा होता, आणि या क्षणी दिवा नेमका कुठे लागतोय ते दिसत होतं. खालच्या बाजूला दिवा लागला, टिक. उजवीकडे खाली, टिक. माझा श्वास जरा मोकळा झाला. मग वर, डाव्या बाजूला.

काही नाही.

मंद असेल, मी मनात म्हटलं. पुन्हा तिथेच, ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता जास्त प्रखर." काही नाही. पुन्हा. "आता सगळ्यात प्रखर." अहो, एवढा लख्ख दिवा, आणि दादाचा अंगठा बटणावर तयार, अंग सरसावलेलं, अगदी माझ्या हाताची वाट बघतो तसं. आणि काही नाही! मला ओरडावंसं वाटत होतं, दादा, दाब ना, अरे लागलाय दिवा! वरची बाजू, मधल्या ठिपक्यापासून डावीकडे कमानीसारखी, दोन्ही डोळ्यांची, कमीजास्त. दिवे लागत होते, विझत होते, आणि तो शांत बसून होता. प्रामाणिकपणे.

वर, डावीकडे. ड्रमवर बसलेल्या माणसाच्या समोर, त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली बहीण डावा हात उचलते, तो कुठे दिसतो? वर, डावीकडे.

मी तोंडात पदर कोंबला. ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद समोरासमोर ठेवले. या वेळचा भरवशाचा होता. "डावा बराच पुढे गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आता वरच्या एका भागात दोन्ही डोळे कमी पडताहेत."

"पण मला तिथे काळं काही दिसत नाही," दादा म्हणाला. आवाज उतरला होता.

"काळं दिसलं असतं तर लोक धावत आले असते. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकतो. रिकामी जागा दिसतच नाही."

दादा माझ्याकडे वळला. "म्हणजे मेंदूही ड्रमरच म्हणायचा." आणि मग, "ते परत येईल?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं सांभाळायचं. रोज रात्री थेंब, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि मी बोलावीन तेव्हा दाब मोजायला यायचं. थेंबांनी भागलं नाही तर लेझर आहे, ऑपरेशन आहे. पण आज आलात, म्हणून हातात पुष्कळ काही आहे." मग त्यांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांची मिळून तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि दादाच्या मुलीलाही तपासायला आणायचं. "थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात कधीकधी," त्या जाताजाता म्हणाल्या.

"वहिनी खूश होईल," मी म्हटलं आणि भोकाड पसरलं. तिथेच, कॅश काउंटरसमोर. "मला वाटलं तू मुद्दाम करतोस! मला वाटलं तुला माझ्या हाताखाली वाजवायचं नाही!"

"वेडी आहेस का?" दादाचे डोळे भरले होते. "वर्षभर मी रोज घाबरत होतो. तू हात केव्हा करतेस कळायचंच नाही. वाटायचं, माझं वय झालं, लय गेली माझी. म्हणून तुझ्यावरच ओरडायचो."

"लय? दिव्यांत सुद्धा गाणं वाजवलंस, मेल्या! लय कुठली जातेय तुझी!"

गाडी मी चालवली. दादा शेजारी बसून देवाचं नाव घेत होता आणि मधूनमधून फोनवर नातेवाइकांना दम देत होता. "काका, डोळ्यांचा दाब मोजलात? चष्म्याचं नाही विचारत! दुखत नाही म्हणूनच तर जायचं! आणि अप्पांच्या कपाळावरचं टेंगूळ उंचीचं नव्हतं, ते आधी ध्यानात घ्या." आतेबहीण म्हणाली, मला छान दिसतं. दादा गरजला, "मलाही दिसत होतं!" आमच्या घरात आजवर कुणी कुणाला आजाराबद्दल एवढं ओरडून सांगितलं नव्हतं. आईने तर त्याच दिवशी नातीचा नंबर लावून टाकला.

संध्याकाळी हॉल खचाखच. पडद्यामागे आम्ही पाचच मिनिटांत ठरवून टाकलं. हात वर नाही करायचा. कमरेच्या खाली, उजव्या बाजूला, पाठीमागे. तिथे दादाची नजर शाबूत आहे. "लोकांना नाही दिसणार," मी म्हटलं. "लोकांना कशाला?" दादा म्हणाला. "मला दिसला पाहिजे."

गाणी झाली. लोक पेटलेले. शेवटचं गाणं आलं. वीस वर्षांची सवय, डावा हात सारखा वर जायला बघत होता, मी तो माइकला घट्ट धरून ठेवला. सूर धरला. लांबवला. आणखी लांबवला. मागे दादाचा ठेका, पावसासारखा एकसारखा, वाट बघणारा. छातीत दम संपत आला. उजवा हात पाठीमागे नेला, कमरेखाली, बोटं उघडी. आणि मिटली मूठ.

धाड!

एकच दणका. माझ्या मुठीबरोबर, केसभरही मागेपुढे नाही. त्यानंतर ती शांतता, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी, लोक उठायच्या आधीची. आणि त्या शांततेत, माइक चालू आहे हे विसरून, ड्रममागून आमचा दादा लहान मुलासारखा ओरडला,

"दिसली गं, चिमणे! दिसली!"